मदत हवी आहे: जुन्या ग्राहकांना दिवाळी सेलचा ईमेल, तीन ऑफरपैकी कोणती ठेवू?

समईवाली_नाशिक
नमस्कार मंडळी. आमचं भांडी बाजारात तांब्या-पितळेचं दुकान आहे, सासऱ्यांनी उभं केलेलं. ऑनलाइन विक्री मी बघते. दसऱ्यानंतर जुन्या ग्राहकांना सेलचा मेल पाठवायचा आहे. माझ्याकडे ६४० पत्ते आहेत. त्यातले ४१० वेबसाइटवरून घेतलेल्यांचे, बाकी २३० प्रदर्शनातल्या वहीतले.

गेल्या वर्षी याच यादीला मेल गेला, ऑर्डरी आल्या फक्त ४. ७१ मेल परत आले. तेव्हा एक सुंदर पोस्टर करून घेतलं होतं आणि तेच मेलमध्ये चिकटवलं होतं. त्यावर तीन ऑफर होत्या: सगळ्यावर २०% सूट, ९९९ च्या वर कुरिअर मोफत आणि जुनी भांडी मोडीत द्या, नवी घ्या. खाली वेबसाइट, इन्स्टाग्राम, व्हॉट्सॲप आणि दुकानाचा नकाशा.

यंदा एकच ऑफर ठेवावी असं घरात ठरलंय, पण कोणती यावर एकमत नाही. यजमान म्हणतात २०% काढलं तर कोणी बघणारही नाही. कालिकेच्या यात्रेमुळे दुकानात सध्या गर्दी आहे, त्यामुळे रात्रीच उत्तर देऊ शकेन.

सिडको_सागर
ताई, सोपं आहे. जीमेलवरून बीसीसीत पत्ते टाका. दिवसाला ५०० ची मर्यादा असते, म्हणून ३२० आणि ३२० असे दोन दिवसांत पाठवा. आणि विषयात 'सेल', 'सूट', 'मोफत' हे शब्द अजिबात नकोत, त्यानेच मेल स्पॅममध्ये जातो. मी क्लासचे मेल असेच पाठवतो.

बेदाणे_पिंपळगाव
आमचा अनुभव सांगते. आम्ही बेदाणे विकतो. मेल वगैरे काही केलं नाही, सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाकला आणि गंगापूर रोडवरून पहिल्याच आठवड्यात ४० किलो गेला. नवीन ग्राहक हवे असतील तर तेच करा.

समईवाली_नाशिक
ताई, छान चाललंय तुमचं. पण मला नवीन ग्राहक नकोत. ज्यांनी आधी घेतलंय त्यांनाच परत बोलवायचंय. त्यातले बरेच मुंबई-पुण्याचे आहेत, त्यांच्या ग्रुपवर मी नाही.

पत्रपेटी
दुकानांचे मेल पाठवणं हेच माझं बारा वर्षांचं काम आहे. ताई, ऑफर ठरवण्याआधी एक सांगा: या ४१० जणांनी दिवाळीच्या आधी तुमच्याकडून सगळ्यात जास्त काय घेतलं होतं? आणि त्या वस्तूचा हिशोब इथे मांडा. खरेदी किती, खोका किती, कुरिअर किती, विक्री किती.

सागर, तुमची मर्यादेची गोष्ट बरोबर आहे. पण बीसीसीच्या मेलमध्ये 'यादीतून नाव काढा' ही सोय नसते. कंटाळलेल्या माणसाच्या हातात मग एकच बटण उरतं, स्पॅमचं. एखाद्या शब्दाने मेल स्पॅममध्ये जात नाही, लोकांनी ते बटण दाबल्याने जातो. गूगलचं सांगणं आहे की अशा तक्रारी ०.१% च्या खाली ठेवा आणि ०.३% ला कधीच पोचू देऊ नका. ताईंच्या ४०० मेलमागे एकाने जरी दाबलं तरी ते ०.२५% होतं. म्हणून 'सेल' हा शब्द खुशाल लिहा, पण नाव काढायची लिंक सहज दिसू द्या.

समईवाली_नाशिक
बिलं काढून बसले. दिवाळीआधी सगळ्यात जास्त गेली ती १२ इंची समईची जोडी. हिशोब असा:

विक्री २,४०० रुपये. आमची खरेदी १,६५०. खोका आणि फोम ६०. कुरिअर साधारण १८०, ते ग्राहक वेगळं देतो. म्हणजे जोडीमागे हातात ६९० राहतात.

पत्रपेटी
आता गेल्या वर्षीचं पोस्टर या हिशोबावर ठेवून बघा. २०% म्हणजे ४८० गेले, २१० उरले. ९९९ च्या वर कुरिअर मोफत, म्हणजे आणखी १८० गेले. जोडीमागे ३० रुपये! दुकानाचं भाडं आणि तुमची मेहनत यात धरलेलीच नाही. पितळ वजनावर घेतलं जातं, त्यामुळे टक्क्यातली सूट थेट धातूच्या किमतीत शिरते. जितकं जड भांडं, तितका तोटा जवळ. कपड्याच्या दुकानाला २०% परवडतात, तुम्हाला ते सगळ्या मालावर परवडणार नाहीत.

दुसरी गोष्ट ग्राहकाच्या बाजूची. त्याला २,४०० वर २०% किती, कुरिअर लागेल की नाही, हे गणित करावं लागलं की तो 'नंतर बघू' म्हणतो, आणि मेलमध्ये 'नंतर' कधी येत नाही. आज त्याला जोडी घरी येईपर्यंत २,५८० पडतात. तुम्ही एकच आकडा सांगा: २,१९९, घरपोच. त्याचे ३८१ वाचतात आणि तुमच्याकडे ३०९ राहतात. एक वस्तू, एक किंमत, एक शेवटची तारीख. बाकीचा सेल वेबसाइटवर असू दे, मेलमध्ये त्याचा उल्लेखही नको.

समईवाली_नाशिक
३०९ चालतील. माल ६० जोड्यांचा आहे. पण ज्यांच्याकडे समई आधीच आहे त्यांचं काय? आणि मोडीचं यजमानांना फार वाटतं, जुनी माणसं त्यासाठीच येतात.

पत्रपेटी
ज्यांनी गेल्या दोन वर्षांत समईची जोडीच घेतली, त्यांना हा मेल पाठवू नका. किती आहेत ते बघा. मोडीसाठी माणूस दुकानात यावा लागतो, भांडं काट्यावर ठेवावं लागतं. ठाण्याच्या माणसाने ते वाचून करायचं काय? नाशिकच्या ग्राहकांसाठी त्याचा वेगळा मेल करा, यात मिसळू नका.

प्रदर्शनाच्या वहीतले २३० मात्र पूर्ण बाजूला ठेवा. ६४० मध्ये ७१ परत म्हणजे ११% झाले, हे खूपच जास्त आहे. माझा अंदाज, त्यातले बहुतेक घाईत लिहिलेले, न लागणारे पत्ते असतील. शिवाय वहीत नाव लिहिणाऱ्या प्रत्येकाने खरेदी केलेली नसते.

समईवाली_नाशिक
तपासलं, ७१ पैकी ६३ वहीतलेच निघाले! आणि समई आधी घेतलेले २२ जण आहेत. वेबसाइटच्या यादीतले परत आलेले ८ काढले तर राहतात ३८०.

पंचवटीकर_मावशी
मी तुमच्यासारख्या दुकानांची ग्राहक म्हणून बोलते. मला असे पोस्टरवाले मेल येतात. मुलाच्या ऑफिसच्या कॉम्प्युटरवर उघडलं तर नुसता रिकामा चौकोन दिसतो. आणि बटण दाबलं की दुकानाचं पहिलं पान उघडतं, तिथे शंभर वस्तू. मेलमध्ये बघितलेली समई शोधायची कुठे? मी तर फोनच करते. तेव्हा नंबर मोठा द्या बरं का.

पत्रपेटी
मावशींनी दोन्ही दुखणी नेमकी सांगितली. चित्रातली अक्षरं चित्र दिसलं नाही की गेली. म्हणून किंमत, तारीख आणि बटण साध्या अक्षरांत हवं. फोटो एकच, आणि तो दिसला नाही तर त्या जागी '१२ इंची पितळी समई, जोडी' ही ओळ दिसेल असं करा. बटण थेट समईच्या पानावर न्या, आणि त्या पानावर २,१९९ आधीच लावलेले असू द्या. कूपन कोड नको, पैसे भरताना लोक तो टाकायला विसरतात आणि मग चिडतात.

फोनबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे. नंबर तळाशी, लहान. दोन रस्ते दाखवले की माणूस थांबून विचार करतो.

पंचवटीकर_मावशी
माझ्या वयाची माणसं अनोळखी पानावर पैसे भरायला बिचकतात. लहान नंबर आम्हाला दिसत नाही हो.

समईवाली_नाशिक
दोघांचं पटतंय. हा मसुदा केला आहे, बघा:

विषय: समईची जोडी २,१९९ रुपयांत घरपोच, १२ ऑक्टोबरपर्यंत
विषयाखालची ओळ: वसुबारसेच्या आधी घरी पोचेल

नमस्कार,
तुम्ही याआधी आमच्याकडून पितळेची भांडी घेतली होती, म्हणून हे पत्र.
दिवाळी सेलमध्ये १२ इंची पितळी समईची जोडी २,१९९ रुपयांत घरपोच देत आहोत. एरवी कुरिअर धरून ती २,५८० ला पडते. ६० जोड्या आहेत. रविवार, १२ ऑक्टोबरच्या रात्रीपर्यंत मागवलेली जोडी वसुबारसेच्या आधी पोचेल.

[समईची जोडी मागवा]

समईची वात, तेल किंवा घासण्याबद्दल काही विचारायचं असेल तर याच मेलला उत्तर द्या, मी स्वतः वाचते.

(तळाशी दुकानाचा पत्ता, फोन आणि 'असे मेल नकोत' ही लिंक.)

पत्रपेटी
हे चांगलं उतरलंय. फक्त एक जपा. वसुबारस १७ तारखेला, शुक्रवारी आहे. रविवारी रात्रीची ऑर्डर सोमवारी निघाली तर हातात चार दिवस. नागपूरला दिवाळीच्या गर्दीत तेवढ्यात पोचेल याची खात्री कुरिअरवाल्याकडून घ्या. नसेल तर 'वसुबारसेच्या आधी'ऐवजी 'लक्ष्मीपूजनाच्या आधी' लिहा. सणाची समई सण उलटल्यावर आली तर तो ग्राहक परत येत नाही.

पाठवताना जीमेलचा पत्ता नको, वेबसाइटच्या नावाचा पत्ता वापरा आणि मेल पाठवणारी सेवा घ्या. आधी एक मेल स्वतःच्या जीमेलवर पाठवा, कोपऱ्यातल्या तीन ठिपक्यांत `Show original` उघडा. मेल खरंच तुमच्याच नावाच्या पत्त्यावरून आला का, हे तपासणाऱ्या `SPF`, `DKIM` आणि `DMARC` या तिन्ही चाचण्यांपुढे तिथे `PASS` दिसलं पाहिजे. एकापुढेही दिसलं नाही तर वेबसाइट करून देणाऱ्याला ते चित्र पाठवा आणि दुरुस्त होईपर्यंत थांबा.

समईवाली_नाशिक
पहिल्यांदा `DKIM` पुढे `FAIL` आलं होतं, वेबसाइटवाल्याने दुरुस्त केलं. कुरिअरवाला विदर्भाची खात्री देईना, म्हणून लक्ष्मीपूजन लिहिलं. मंगळवारी, ७ तारखेला सकाळी ३८० मेल पाठवले.

आज गुरुवार. ३ परत आले, ५ जणांनी नाव काढलं, १९ जोड्या गेल्या. त्यातल्या ६ फोनवर, सगळ्या वयस्कर माणसांच्या, तर मावशींचं म्हणणंही खरंच. उत्तरं ११ आली आणि त्यातल्या चौघांनी विचारलंय: जोडी नको, एकच समई मिळेल का? एकट्या समईला खोका ४५ चा आणि कुरिअर १२० पडेल. शनिवारी, न घेतलेल्यांना आठवणीचा मेल जायचा आहे. त्यात एकटी समई घालू, की त्या चौघांनाच वेगळं उत्तर देऊ?