शब्दचर्चा: ‘सिंक्रोमेश रिंग’ला मराठीत काय म्हणावे?

अंबाझरी
नागपुरात मोटर मेकॅनिकचा ट्रेड शिकणाऱ्या मुलांसाठी मराठीत टिपणे लिहिते आहे. ‘सिंक्रोमेश रिंग’पाशी तीन दिवस अडले आहे. जुन्या टिपणात ‘समकालिक जाळीचे कडे’ असे होते. वर्गात ते वाचून दाखवले तर एका मुलाने विचारले, “मॅडम, गिअरबॉक्समध्ये जाळी कुठं असते?” त्याचे बरोबर आहे. मुलांना शब्दावरून काम कळावे, एवढीच इच्छा आहे.

शब्दवेल्हाळ
जाळी हा साफ चुकलेला अर्थ. ‘मेश’ म्हणजे इथे दाते एकमेकांत गुंतणे. ‘सिंक्रो’ ग्रीकमधून आला: ‘सिन’ म्हणजे सोबत, ‘क्रोनोस’ म्हणजे काळ. १९२८मध्ये कॅडिलॅकच्या मोटारींत ही सोय आली, तेव्हापासून नाव रुळले. रिंग दोन्ही गिअरचे दाते एकाच वेळी गुंतवते, म्हणून ‘समकालिक दंतगुंफण’ सुचवतो.

पाना_दहाबारा
ग्रीक मला येत नाही, पण रिंग गिअरचे दाते गुंतवत नाही भाऊ. सक्करदऱ्याला गॅरेज आहे, बावीस वर्षांपासून गिअरबॉक्स उघडतो. पुढच्या सगळ्या गिअरच्या जोड्या कायम गुंतलेल्याच राहतात. गाडी न्यूट्रलमध्ये असली तरी गुंतलेल्याच. फक्त चाकांकडे जाणाऱ्या मेन शाफ्टवरचा गिअर शाफ्टवर मोकळा फिरत असतो. आपण दांडी टाकतो तेव्हा शाफ्टसोबत फिरणारं दातेरी कडं, म्हणजे स्लीव्ह, सरकते आणि त्या मोकळ्या गिअरला शाफ्टशी बांधते. गिअरच्या बाजूला लहान लहान डॉग दाते असतात, त्यांच्यावर ती स्लीव्ह चढते. कर्र वाजते ते हे दाते. मोठे दाते नाही.

अंबाझरी
म्हणजे ‘दंतगुंफण’ म्हटले तर मुले मोठ्या दात्यांकडे बघत बसतील. मग रिंग नेमकी काय करते? आकडे घालून सांगाल का? फळ्यावर मांडता येईल.

पाना_दहाबारा
हिशेबाला सोपं म्हणून धरा, इंजिनाकडचा शाफ्ट दुसऱ्या गिअरात मेन शाफ्टच्या २ पट आणि तिसऱ्यात १.४ पट फिरतो. गाडी तिसऱ्यात आहे, मेन शाफ्ट मिनिटाला १५०० फेरे घेतो, म्हणजे इंजिनाकडचा शाफ्ट २१००. आता दुसरा टाकायचा. दुसरा गिअर मोकळा फिरून राहिला २१०० भागिले २, म्हणजे १०५०नं. स्लीव्ह मेन शाफ्टसोबत १५००नं. फरक ४५०चा. असंच ढकललं तर दाते दात्यांवर आपटणार.

मध्ये पितळी रिंग असते. आतून ती निमुळती, गिअरलाही तसाच शंकूसारखा निमुळता कोन. स्लीव्ह सरकली की आधी रिंग त्या कोनावर दाबली जाते आणि घासून गिअरला १५००वर ओढते. इंजिनाकडचा शाफ्ट त्यासोबत २१००वरून ३०००वर जातो.

आता खरी गंमत. रिंगीला बाहेरून टोकदार दाते असतात आणि ती शाफ्टवर पक्क्या बसवलेल्या हबमध्ये साधारण अर्धा दाता इकडे-तिकडे सरकू शकते. वेगात फरक आहे तोवर घर्षण तिला एका बाजूला ओढून धरते, आणि तिचे दाते स्लीव्हच्या दात्यांसमोर आडवे येतात. स्लीव्ह पुढं जाऊच शकत नाही. वेग सारखे झाले की ओढ संपते, स्लीव्हचे टोकदार दाते रिंगीला हलकेच बाजूला सारतात आणि डॉग दात्यांवर चढतात. म्हणजे रिंग आधी अडवते, मग वाट देते. तुमच्या शब्दात हे अडवणं आलं पाहिजे.

शब्दवेल्हाळ
माझा शब्द मागे घेतो. इथे काळ सारखा व्हायचा नसून वेग सारखा व्हायचा आहे, तेव्हा ‘समकालिक’ही गेला. ‘समगती कडे’ कसे वाटते?

बुटीबोरीकर
माझाच प्रश्न आहे हा! रोज वर्धा रोडनं कंपनीत जातो. तिसऱ्यातून दुसरा टाकला की कर्र होते. क्लच प्लेट बदलली, फरक नाही. रिव्हर्सही वाजतो. दोन्ही रिंगा गेल्या का?

पाना_दहाबारा
भाऊ, इथं शब्दावर चर्चा चालू आहे, पण तुमची गाडी मुलांना शिकवायला कामाची आहे.

पहिल्यांदा रिव्हर्स. बऱ्याच गाड्यांत रिव्हर्सला रिंगच नसते. गाडी पूर्ण थांबवा, क्लच दाबून तीन-चार सेकंद थांबा, मग टाका. किंवा आधी दुसरा टाका, त्याची रिंग आतला शाफ्ट थांबवून देते, मग लगेच रिव्हर्स. तरी वाजला तर क्लच पूर्ण सुटत नाही असं समजा. रिंग फक्त क्लच प्लेट आणि आतल्या शाफ्टांनाच ओढू शकते. क्लच अडकून राहिला तर तिला पूर्ण इंजिन ओढावं लागते, ते तिच्यानं होत नाही.

आता दुसरा. चालत्या गाडीत एकच गिअर वाजते आणि बाकी साफ पडतात, तर शंका त्याच रिंगीवर. रिकाम्या रस्त्यावर करून पाहा: क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून थोडी रेस, पुन्हा क्लच दाबून दुसरा. जुन्या ट्रकवाल्यांचं डबल क्लच हेच. रिंगीचं काम तुमच्या पायानं केलं. असा गिअर गपचूप पडला तर रिंग घासलेली आहे.

बुटीबोरीकर
काल रात्री करून पाहिलं. डबल क्लचनं आवाज नाही. रिव्हर्सही थांबून टाकला तर गप. पण दुसराच काऊन गेला? पाचवा तर ठणठणीत आहे.

पाना_दहाबारा
दुसऱ्याला मेहनत जास्त. खालचा गिअर टाकताना आतला शाफ्ट वेगात आणावा लागते, आणि गिअरबॉक्सचं तेल त्याला उलट मागं ओढते. वरचा गिअर टाकताना तेच तेल मदत करते. म्हणून काही गाड्यांत दुसऱ्याला दोन किंवा तीन कोनांची रिंग देतात.

रिंगीच्या आत बारीक धारदार आटे असतात. ते तेलाचा थर कापतात, म्हणून पितळ लोखंडाला पकडते. आटे चपटे झाले की रिंग तेलावर तरंगते. मग ओढही नाही आणि अडवणंही नाही. गिअरबॉक्स उघडल्यावर रिंग हातानं कोनावर दाबून फिरवायची. चांगली रिंग पकडते. नंतर रिंग आणि गिअरच्या मधली फट फीलर गेजनं मोजायची. कंपनीच्या मॅन्युअलमधल्या मर्यादेपेक्षा फट कमी असेल तर रिंग घासून आत बसली.

तेल कोणतं टाकलं तेही विचारा. पुस्तकात जीएल-४ लिहिलं असताना ‘भारी आहे’ म्हणून जीएल-५ टाकतात. त्यातल्या काही तेलांतलं गंधक पितळ खाते.

बुटीबोरीकर
मागच्या सर्व्हिसला बाहेरून तेल बदललं होतं. डबा पाहिला नाही.

अंबाझरी
पितळ खाणे, दाते वाजणे. गिअरने ‘दात खाल्ले’ असे आमच्या घरी म्हणत, ते आठवले. मुलांना हेही सांगेन. आता शब्दाकडे. ‘मेळ’ हा शब्द मनात आहे. वेगाचा मेळ बसतो आणि दात्यांचाही. ‘मेळकडे’. उच्चारायला सोपे, आणि ‘मेश’च्या जवळही जाते.

शब्दवेल्हाळ
सुंदर. ‘समगती’पेक्षा पुष्कळ जिवंत.

पाना_दहाबारा
ऐकायला गोड आहे मॅडम. पण पोरगं ‘मेळ’ ऐकून समजेल की रिंग नुसती मदत करते. अडवते हे कुठं आलं? मी तर ‘अडकडं’ म्हणेन.

शब्दवेल्हाळ
‘अडकडे’ ऐकून रिंग अडकली असेच वाटेल.

पाना_दहाबारा
तेही खरं आहे. पकड गेलेली रिंग तर अडवतच नाही. कोनाचा उतार फारच कमी ठेवला तर रिंग सुटतच नाही, तेव्हा खरंच अडकते.

अंबाझरी
टिपणात सध्या ‘मेळकडे’ लिहिते, आणि खाली पहिल्याच ओळीत ‘वेग जुळेपर्यंत स्लीव्हला अडवते’. गॅरेजात मात्र मुलांनी ‘सिंक्रो रिंग’च मागावी, दुकानदार तेच देईल.

बुटीबोरीकर
दुसऱ्याची एकटी रिंग बदलू की सगळ्या?

पाना_दहाबारा
उघडल्यावर सांगतो. डॉग दात्यांची टोकं गोल झाली असतील तर नुसत्या रिंगीनं भागणार नाही, गिअर आणि स्लीव्हही पाहावी लागेल. रविवारी गाडी घेऊन या, आणि येताना त्या तेलाचं बिल आणा.