लॉस म्हणतो १०००, डब्ल्यूईआर म्हणतो ३०००: कुठला चेकपॉइंट ठेवायचा?

काजवा: व्हिस्पर स्मॉल मराठी बोलण्यावर फाइनट्यून केलंय. ४००० स्टेप, पहिल्या ५०० वॉर्मअप, मग लर्निंग रेट `1e-5` वरून सरळ रेषेत शून्यावर. व्हॅलिडेशनला ६०० वाक्यं, साधारण ५००० शब्द. लॉस १००० ला सर्वांत कमी (०.२७), पुढे चढत ४००० ला ०.३४. डब्ल्यूईआर मात्र १००० ला ४१.२, २५०० ला ३७.९, ३००० ला ३६.०, ४००० ला ३६.३. ठेवू कुठला? आणि रन मध्येच थांबवायला हवा होता का?

सरळमार्गी: १००० चा. लॉस चढायला लागला म्हणजे मॉडेल पाठांतर करतंय. पेशन्स ३ ठेवला असता तर १५००, २००० आणि २५०० या तीन चाचण्यांत सुधारणा नाही म्हणून रन २५०० ला आपोआप थांबला असता. विजेचं बिल तरी वाचलं असतं.

तराजू: पाठांतराचं निदान थोडंफार बरोबर, उपाय चुकीचा. लॉस मोजताना मॉडेलला आधीचे टोकन बरोबर दिलेले असतात, आणि चुकीच्या टोकनवर ते जितकं ठाम, तितका दंड मोठा. उशिराच्या चेकपॉइंटमध्ये मॉडेल अधिक ठाम होतं. जुन्याच चुका जास्त छातीठोकपणे करतं, म्हणून सरासरी लॉस चढतो. पण डब्ल्यूईआरला फक्त शेवटी लिहिलेला शब्द दिसतो, आणि तो जास्त वेळा बरोबर येतोय. तुम्हाला लिप्यंतर हवंय, तर तेच मोजा.

दुसरं, २५०० ला लर्निंग रेट अजून `4.3e-6` होता. तिथे थांबवलेलं मॉडेल म्हणजे २५०० स्टेपची पूर्ण रन नव्हे. तशी रन करायची तर `max_steps` च २५०० ठेवावं लागेल, म्हणजे रेट तिथे शून्यावर उतरेल. बरीचशी सुधारणा रेट उतरतानाच मिळते. उतरत्या शेड्यूलवर अर्ली स्टॉपिंग लावणं मला तरी पटत नाही.

सरळमार्गी: बरं, मग ३००० चा. आकडा सर्वांत लहान.

तराजू: ३६.० आणि ३६.३ मधला फरक ५००० शब्दांत १५ शब्दांचा. एखादा घोगऱ्या आवाजाचा वक्ता तेवढा फरक सहज पाडेल. दोन्ही चेकपॉइंटच्या वाक्यागणिक चुका काढा, ६०० वाक्यं परत-परत पुनरावृत्तीसह निवडून हजारदा फरक मोजा. त्यात शून्य आरामात बसत असेल तर दोघे सारखेच समजा आणि ४००० चा ठेवा. आणि जाहीर करायचा आकडा वेगळ्या टेस्ट सेटवर घ्या, ज्यात ट्रेनिंगमधला एकही वक्ता नाही. आठांतला सर्वांत चांगला निवडला की तोच आकडा थोडा फुगलेला असतो.

रात्रपाळी: माझं कोलॅब मध्येच तुटतं. चेकपॉइंट ड्राइव्हवर ठेवतो, पण `save_only_model=True` केल्यापासून रन पुढे नीट सुरू होत नाही. जागा तरी किती खाणार?

तराजू: प्रश्न वेगळा आहे, तरी सांगतो. त्या सेटिंगने ऑप्टिमायझर आणि शेड्यूलर साठवलेच जात नाहीत, मग पुढे चालवणार कशावर? स्मॉलचे २४ कोटींवर पॅरामीटर. वजनं साधारण १ जीबी, ॲडमची स्थिती आणखी २, म्हणजे दर चेकपॉइंटला ३ जीबी. `save_total_limit` २ ठेवा. आणि ४००० ची संपलेली रन ८००० म्हणून पुढे ढकलू नका, शून्यावर आलेला रेट एकदम `5.3e-6` वर उडी मारतो.

अनुस्वार: काजवा, डब्ल्यूईआर काढताना व्हिस्परचा `BasicTextNormalizer` लावलाय का? तो देवनागरीतल्या मात्रा आणि हलन्त चिन्हं समजून पुसतो. «शिक्षण» चं «श क षण» होतं, आणि «शीक्षण» चंही तेच! चूक दिसतच नाही, उलट एका शब्दाचे तीन तुकडे मोजले जातात. आधी ते काढा, विरामचिन्हं तेवढी हाताने पुसा. शिवाय ट्रेनरमध्ये हे आहे ना?

```
metric_for_best_model="wer",
greater_is_better=False,
load_best_model_at_end=True,
```

मधली ओळ विसरलात तर नाव `loss` ने संपत नाही म्हणून मोठा आकडा चांगला धरला जातो, आणि रनच्या शेवटी सर्वांत *वाईट* चेकपॉइंट हातात येतो.

काजवा: मधली ओळ होती. नॉर्मलायझरही होता. काढून पुन्हा मोजलं: ३००० ला ५२.४, ४००० ला ५१.७. क्रमच उलटला.

सरळमार्गी: मग ३०००, ३५००, ४००० च्या वजनांची सरासरी घ्या की. २०१७ च्या ट्रान्सफॉर्मर पेपरातही शेवटच्या चेकपॉइंटची सरासरीच वापरली होती, लहान मॉडेलला ५, मोठ्याला २०.

तराजू: त्यांचा रेट शून्यावर उतरत नव्हता, वर्गमुळाच्या व्यस्तात हळूहळू घटत होता. इथे ३५०० नंतर वजनं फार हलतच नाहीत, सरासरीतून फारसं हाती लागेल असं वाटत नाही.

अनुस्वार: करून बघायला दहा मिनिटं लागतात. पण मोजायचं मात्रांसकट.