म्येन्झ सांभाळायचं, की दोष सरळ सांगायचा?

प्रसाद_चाकण:
चीनमधल्या निंगबोजवळच्या एका कारखान्याकडून आम्ही पितळी बुश घेतो. आतला व्यास 12.00 ते 12.02 मिमी हवा. 6000 च्या लॉटमधले 40 तपासले, त्यातले 11 नग मोठे निघाले, काही तर 12.05 पर्यंत. व्हिडिओ कॉलवर त्यांच्याकडचे सात जण होते, मालकही होता. मी त्यांचाच तपासणी अहवाल स्क्रीनवर लावला आणि क्वालिटीच्या मुलीला नाव घेऊन विचारलं, "हे तुम्ही खरंच मोजलंय का?" ती "हो" म्हणाली. त्याला नऊ दिवस झाले, एका ईमेलला उत्तर नाही. आमचा एजंट म्हणतो, तू त्यांचं म्येन्झ, म्हणजे चारचौघांतला मान, घालवलास. मी आवाज चढवला नाही, वाईट शब्द वापरला नाही. माझं मत स्पष्ट आहे, म्येन्झ हे चुकांवर घालायचं पांघरूण आहे आणि गिऱ्हाइकाने ते चालवून घेऊ नये. तुमचं मत सांगा.

अनंतराव:
प्रसाद, यात चिनी असं काही नाही. आपली भीड म्हणजेच म्येन्झ. एखाद्याच्या भिडेखातर आपण लग्नाला जातो, वर्गणी देतो, नको असलेला माणूस कामावर ठेवतो. तेही तेच करतात. फरक एवढाच, की चिनी माणूस चारचौघांत कुणालाही बोलत नाही, साहेब शिपायालासुद्धा नाही. तुम्ही बोललात, म्हणून बिघडलं. एक चांगली भेटवस्तू पाठवा, विषय मिटेल.

सुनीता_सूचौ:
सूचौमध्ये नऊ वर्षं पुरवठादारांच्या कारखान्यांत दुभाषी म्हणून काम केलंय, त्यावरून लिहिते.

अनंतराव, भिडेचं तुम्ही बरोबर पकडलंत. तिकडे एक म्हण आहे, भिक्षूच्या तोंडाकडे पाहून नाही तर निदान बुद्धाच्या तोंडाकडे पाहून तरी कर. म्हणजे मधल्या मोठ्या माणसाच्या भिडेखातर काम होतं. पण चारचौघांत कुणी कुणाला बोलत नाही, हे मात्र खरं नाही. व्यवस्थापक कामगारांना सकाळच्या रांगेत उभं करून झाडतो, हे मी कितीदा पाहिलंय. वरच्याने खालच्याला बोललेलं खपतं. बाहेरच्याने, घरच्या माणसांसमोर, घराची अव्यवस्था दाखवलेली खपत नाही.

प्रसाद, तुमच्या बाबतीत हेच झालंय. म्येन्झ त्या मुलीच्या मनातला अभिमान नव्हे, ते समोर बसलेल्यांच्या नजरेत असतं. गिऱ्हाइकाने दोष पाहिला आणि तो पाहिलेला आपल्या सहा माणसांनी पाहिला, हे मालकाला बोचलं. तिच्यापेक्षा त्याचं जास्त गेलं.

दुसरं त्याहून गंभीर आहे. चिनीत तोंडाला दोन शब्द आहेत, म्येन्झ आणि ल्येन. हू श्येन-चिन या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी 1944 मध्ये हा फरक नीट मांडला. म्येन्झ म्हणजे पत, कर्तबगारीने मिळवलेला मान. तो कमीजास्त होतो, परतही येतो. ल्येन म्हणजे माणूस सचोटीचा आहे हा भरवसा, आणि तो गेला की माणूस संपला. "माप जास्त आलंय" म्हणाला असतात तर म्येन्झला धक्का बसला असता. "खरंच मोजलंय का?" यातून तुम्ही अहवाल खोटा आहे असं म्हणालात. त्यावर "हो" सोडून दुसरं उत्तर तिच्याकडे उरलंच नव्हतं.

प्रसाद_चाकण:
पण अहवाल खोटाच असेल तर? 40 पैकी 11 नग चुकलेले आणि त्यांच्या कागदावर एकही नाही. हे मी कुठल्या शब्दांत विचारायचं?

सुनीता_सूचौ:
विचारायचं, पण मालकासमोर नाही आणि ईमेलवर दहा जणांना प्रत घालूनही नाही. आजच तिला एकटीला वीचॅट करा. साधारण असं लिहा: "त्या दिवशी मी घाईत बोललो. आपली दोघांची मापं जुळत नाहीत. तुमच्याकडे डायल बोअर गेज आहे, आमच्याकडे एअर गेज. मी 20 बुशांवर नंबर टाकून आमची मापं घेतो आणि तेच नग कुरिअरने पाठवतो. तुम्ही मोजा, मग आकडे शेजारी ठेवू."

चिनीत याला उतरायला पायरी देणं म्हणतात. माणूस वर अडकला आहे, उडी मारायला सांगितलीत तर तो वरच बसेल. ही पायरी खोटी नाही हे लक्षात घ्या. दोन्हीकडची गेज ताडून पाहणं तसंही करायला हवंच होतं. ती नग मोजेल, 12.05 तिला स्वतःला दिसेल आणि मालकाकडे जाताना "गिऱ्हाईक रागावलंय" ऐवजी "आम्हाला तपासणीत हे सापडलं" असं म्हणत जाईल.

मिलिंद_क्यूए:
मी याच्या विरोधात आहे आणि मनापासून आहे. वीस वर्षं वाहनांच्या सुट्या भागांच्या गुणवत्तेचं काम करतोय. आज तुम्ही "गेजचा फरक" म्हणालात की तो शब्द पुरवठादाराच्या 8डी या दोषनिवारण अहवालात जाऊन बसतो. मूळ कारणाच्या रकान्यात "मापनातील तफावत" येतं, उपाय म्हणून "गेज कॅलिब्रेट केलं" येतं आणि ज्या लेथवर बोअर सैल होतोय ती तशीच चालू राहते. तीन महिन्यांनी परत तेच.

कुणी तापमानाचीही पायरी देईल, म्हणून आधीच सांगतो. माप 20 अंशांना धरतात. चाकणला 35 अंश असताना 12 मिमीचा पितळी बोअर साधारण साडेतीन मायक्रॉन वाढतो. इथे 30 मायक्रॉन जास्त आहेत. म्हणजे दोष यंत्रावर आहे किंवा तपासणी झालेलीच नाही. हे सभ्य भाषेत, पण सगळ्यांसमोर आणि लेखी सांगणं हेच आपलं काम. भीड भिकेची बहीण, ही म्हण आपल्या लोकांनी उगाच केलेली नाही.

सुनीता_सूचौ:
मिलिंदजी, 8डीबद्दल पूर्ण मान्य. पायरी बोलण्यात द्यायची, कागदावर नाही. गेजचे आकडे आल्यावर कागदावर आकडेच लिहायचे. पण ते आकडे यायला आधी समोरच्याने वीचॅट उघडायला हवा. आज नऊ दिवस तेच थांबलंय. लेखी आणि सगळ्यांसमोर सांगून झालंच आहे की.

आणि गप्प बसणं हेही उत्तर असतं, ते वाचायला शिकावं लागतं. "आम्ही अभ्यास करतो" असं दोनदा आलं तर ते बहुधा नाही असतं. "थोडं गैरसोयीचं आहे" म्हणजे नक्की नाही. तुम्ही आकडा विचारला आणि उत्तर "छापुत्वो" आलं, म्हणजे जवळपास तेवढंच, तर समजावं की मोजलेलं नाही किंवा मोजून सांगायचं नाही.

ऋतुजा_वूहान:
मी इथे एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षाला आहे. विषय कारखान्याचा आहे, तरी माझं सांगते. औषधशास्त्राच्या तासाला सरांच्या स्लाइडवर एका औषधाचा डोस मिलिग्रॅमऐवजी ग्रॅममध्ये होता. मी हात वर करून सांगितलं. ते म्हणाले, नंतर बघू, आणि पुढची स्लाइड लावली. त्यानंतर सत्रभर त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. चिनी मैत्रीण म्हणाली, तू मधल्या सुट्टीत टेबलापाशी जाऊन "मला हा डोस समजला नाही, समजावाल का" असं विचारायचं होतंस, त्यांनी स्वतःच दुरुस्त केलं असतं. मी चुकले का? वर्गात 60 जणांनी तो आकडा वहीत उतरवला होता.

मिलिंद_क्यूए:
ऋतुजा, अजिबात चुकली नाहीस. डोसचा प्रश्न मधल्या सुट्टीपर्यंत थांबत नाही.

सुनीता_सूचौ:
ऋतुजा, यावर मला ठाम उत्तर देता येत नाही. मैत्रिणीचा मार्ग तिथे चालतो हे खरं. पण सरांनी पुढच्या तासाला 60 जणांना चूक सांगितली असती, की नुसतीच स्लाइड बदलली असती? नुसती बदलली असती तर वह्यांत ग्रॅमच राहिलं असतं. तिथे तू बोललीस हे मला पटतं.

देवयानी:
एक गोष्ट इथे कुणी बोलत नाही. म्येन्झ फक्त सांभाळतात असं नाही, ते शस्त्र म्हणूनही वापरतात. कोर्टाने सांगूनही पैसे न देणाऱ्यांची जाहीर यादी चीनच्या सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये सुरू केली. काही शहरांत त्यांचे फोटो रस्त्यावरच्या मोठ्या पडद्यांवर लावतात. म्हणजे चारचौघांत तोंड दाखवणं ही तिथे शिक्षा आहे आणि सरकारच ती देतं.

घरचं उदाहरण देते. माझा भाऊ शांघायला गेला होता. जेवणात बायज्यू, कडक दारू. तो पीत नाही. यजमान तिसऱ्यांदा पेला पुढे करून म्हणाले, "नाही घेतलात तर तुम्ही माझं म्येन्झ ठेवत नाही." त्याने घेतली आणि रात्रभर उलट्या काढल्या. मला सांगा, इथे कोण कुणाचं तोंड राखत होतं? गरज ज्याची, तोच नेहमी वाकतो.

अनंतराव:
देवयानीताई, हे वाचून मला माझं पहिलं मत बदलावं लागतंय. भीड आपली आपण बाळगतो. ही तर दुसऱ्याच्या गळ्यात घातलेली दिसते.

सुनीता_सूचौ:
दारूची जबरदस्ती होते, नाकारत नाही. त्यातून सुटायची वाट सांगते. पहिल्या पेल्याआधीच, यजमानाला बाजूला घेऊन, डॉक्टरांनी बंद केली आहे म्हणायचं. मग टेबलावर चहाचा कप घेऊन उठायचं आणि ज्येष्ठाच्या पेल्याला भिडवताना आपल्या कपाची कड त्याच्या कडेखाली ठेवायची. कपात काय आहे यापेक्षा ती कड सगळ्यांना दिसते. पण तिसऱ्या पेल्याला, सगळ्यांसमोर नाही म्हणाल तर यजमानाला माघार घ्यायला जागाच राहत नाही.

प्रसाद_चाकण (सोळा दिवसांनी):
काय झालं ते सांगतो. सुनीताताईंचा मजकूर जवळजवळ तसाच तिला पाठवला. चाळीस मिनिटांत उत्तर आलं. 20 नग गेले, आकडे आले. दोन्हीकडच्या मापांत तीन-चार मायक्रॉनचाच फरक निघाला, म्हणजे गेज ठीक होती आणि मिलिंदजी बरोबर होते. तिने न विचारता उरलेला लॉट परत घ्यायची तयारी दाखवली, कुरिअर त्यांच्या खर्चाने. पुढच्या कॉलला मालक होते. मी त्यांच्यासमोर म्हणालो, तुमच्या क्वालिटीने नगवार आकडे दिले, एवढं नीट काम आम्हाला कमी मिळतं. मालक हसले. नव्या लॉटचे 40 नग तपासले, सगळे मापात आहेत.

पण 8डी कालच आला. मूळ कारण म्हणून लिहिलंय, "ऑपरेटरने टूल वेळेवर बदललं नाही." आधीच्या तपासणी अहवालात सगळे नग पास कसे दाखवले गेले, यावर एक ओळ नाही. मी तिला एकटीला विचारलं. ती म्हणाली, "हे थोडं गैरसोयीचं आहे."

मिलिंद_क्यूए:
मग तुमचा दोष अजून तिथेच आहे. अहवाल परत पाठवा.

सुनीता_सूचौ:
परत पाठवू नका. तुमच्या पुढच्या भेटीत अंतिम तपासणीच्या टेबलापाशी एक तास उभे राहा आणि तिला दाखवायला सांगा, एका पाळीत किती नग ती प्रत्यक्ष मोजते. मालकाला त्या वेळी चहाला दुसरीकडे बसवा.

मिलिंद_क्यूए:
आणि भेट कधी आहे? ऑगस्टमध्ये? तोवर किती लॉट येतील?

प्रसाद_चाकण:
तीन.