पैसे कापले, पण दुकानदाराला मिळाले नाहीत

> दुकानात ६४० रुपये यूपीआयने दिले. माझ्या खात्यातून गेले, दुकानदाराचा स्पीकर मात्र गप्प. किती दिवस वाट बघायची?

यूपीआयमध्ये आधी तुमची बँक पैसे वजा करते आणि मग यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयमार्फत दुकानदाराच्या बँकेला जमा करायचा निरोप जातो. त्या बँकेचं उत्तर वेळेत आलं नाही, तर पैसे जमा झाले की नाही हे त्या क्षणी कोणालाच ठाऊक नसतं. म्हणून तुमची बँकही लगेच परत करत नाही. दोन्हीकडच्या नोंदी जुळवल्यावरच निकाल लागतो.

बरेचदा काही तासांत किंवा दुसऱ्या दिवशी पैसे परत येतात. रिझर्व्ह बँकेच्या २०१९च्या परिपत्रकाप्रमाणे दुकानदाराच्या व्यवहाराला कमाल मुदत व्यवहाराचा दिवस अधिक ५ दिवस आहे. एकमेकांना पैसे पाठवताना हीच मुदत १ दिवसाची, आणि लोक नेमका इथेच घोळ घालतात. तुमचा व्यवहार १० तारखेचा असेल, तर १५पर्यंत पैसे यायला हवेत. त्यापुढे उशिराच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई, तीही न मागता. (न मागता मिळेलच अशी आशा मी धरत नाही, तक्रारीत ती लिहून मागा.)

तोवर अ‍ॅपमधला १२ अंकी यूटीआर, म्हणजे व्यवहाराचा क्रमांक, दुकानदाराला द्या. कधीकधी रक्कम त्याच्या खात्यात उशिरा जमा होते, मग तुमच्याकडे आपोआप काही परत येणार नाही; तुम्ही दुसऱ्यांदा पैसे दिले असतील तर ते त्याच्याकडूनच मागावे लागतील.