फ्लॅटमेट मधेच सोडून गेला तर लाईट बिल कोणी भरायचं? अनुभव सांगा

खिडकीवाला: आम्ही तिघं एका फ्लॅटमध्ये राहायचो. एक जण महिन्याच्या मधेच निघून गेला, लाईट बिल नंतर आलं, तो म्हणतो मी तर नव्हतोच, आणि तेव्हापासून आमचं बोलणं बंद आहे. मला याचं खरंच वाईट वाटतं. तुम्ही राहायला जाताना आपापसात काय लिहून ठेवलं होतं?

मीटरचा_फोटो: आमचंही यावरूनच बिनसलं होतं. बिल महिन्याच्या एक तारखेपासून मोजत नाहीत, आधीच्या रीडिंगपासून मोजतात. त्यामुळे आता आम्ही कोणी आलं किंवा गेलं की त्याच दिवशी मीटरचा फोटो काढून ग्रुपवर टाकतो. मागच्या वेळी ३० दिवसांचं बिल ३९० युनिटचं आलं, तिघांतला एक १८ दिवस राहून गेला. नुसते दिवस धरले तर ३० + ३० + १८ म्हणजे ७८, माणशी दिवसाला ५ युनिट, त्याच्या वाट्याला ९०. पण तो गेला त्या दिवशीच्या फोटोनुसार तोवर २१०च युनिट झाले होते, तिघांत ७०. नंतरचे १८० आम्हा दोघांच्या एसीचे, ते त्याच्या माथी का मारायचे? फिक्स्ड चार्ज मात्र दिवसांप्रमाणेच वाटला. आणि बिल येईपर्यंत त्याच्या डिपॉझिटमधली थोडी रक्कम ठेवून घेतली, हे आधीच लिहिलेलं होतं म्हणून त्याने वाद घातला नाही.

नवीन_भाडेकरू: एवढं कशाला, एक महिन्याची नोटीस दिली की आपली जबाबदारी संपते ना?

तिसऱ्या_मजल्यावरून: फ्लॅटमेटपुरती संपेल, तीही तसं ठरलं असेल तरच. मालकाच्या करारावर तिघांची नावं एकत्र असतील तर एक गेला तरी मालक पूर्ण भाडं मागू शकतो, करारात लॉक-इन असेल तर ते वेगळंच. मी हे भोगलंय, दोन महिने दोघांनी तिघांचं भाडं भरलं. आता आम्ही लिहून घेतो की नोटीस ग्रुपवर लेखी द्यायची, तारीख त्या मेसेजची धरायची, आणि नवीन माणूस लवकर आला तर जाणाऱ्याचं भाडं त्या दिवसापासून थांबेल.

सामान_बांधलंय: माझं डिपॉझिट मालकाने रंगकामाच्या नावाखाली कापलं, त्याचं काय करू?

तिसऱ्या_मजल्यावरून: तो वेगळा प्रश्न आहे, पण राहायला आलात तेव्हाचे भिंतींचे फोटो असतील तर आधी ते शोधा.

छोटी_खोली: आणि भाडं सारखं का वाटायचं? माझ्या खोलीत पलंग टाकला की दार पूर्ण उघडत नाही, दुसऱ्याला अटॅच बाथरूम आणि बाल्कनी. आम्ही हॉल-किचनचा हिस्सा सारखा धरला, बाकीचं खोलीच्या मापाने वाटलं. पण बाथरूमची किंमत किती धरायची यावर अजून एकमत नाही.

खिडकीवाला: मीटरचा फोटो आम्ही काढलाच नव्हता. दिवसांचा हिशोब करून त्याला आज पाठवतो, आमच्या एसीचं थोडं कमी करून.