२ मिलिअँपिअर, ५० किलोओहम आणि न सापडणारे १०५ व्होल्ट

फळा-खडू (धागाकर्ता)

दुसऱ्या वर्षाच्या एका विद्यार्थ्याचे ईमेल त्याच्या परवानगीने, नाव गाळून देत आहे.

> आदरणीय सर,
> बेस-विड्थ मॉड्युलेशनमुळे येणाऱ्या आउटपुट रेझिस्टन्सविषयी माझा गोंधळ झाला आहे. बीसी ५४७ ट्रान्झिस्टरच्या बेसचा प्रवाह १० मायक्रोअँपिअर ठेवला, तेव्हा कलेक्टर-एमिटर व्होल्टेज ५ असताना कलेक्टरचा प्रवाह २.१ मिलिअँपिअर आला आणि १० असताना २.२ आला. उतारावरून रेझिस्टन्स ५० किलोओहम निघतो. पण ५० किलोओहममधून २.१ मिलिअँपिअर गेले तर १०५ व्होल्ट पडायला हवेत. माझा पुरवठा तर १२ व्होल्टचा आहे. शिवाय बेस अरुंद झाल्यावर प्रवाह वाढतो कसा? पुस्तकात `VA/IC` आहे, मित्र `(VA+VCE)/IC` म्हणतो. खरे कोणते?

माझे मत असे की हा गोंधळ त्याचा नसून आमचा आहे. ट्रान्झिस्टरच्या आत काय घडते हे सांगण्याआधीच आम्ही फळ्यावर कलेक्टर आणि एमिटरच्या मध्ये एक रेझिस्टर काढून टाकतो, आणि मग मूल साहजिकच सगळा प्रवाह त्यातून घालवते. आधी आलेख शिकवावा आणि रेझिस्टरचे चित्र शेवटी काढावे. गंमत अशी की त्याचे १०५ व्होल्ट हरवलेले नाहीतच. त्याच्याच दोन बिंदूंतून जाणारी रेषा डावीकडे वाढवली तर ती उणे १०० व्होल्टवर अक्षाला भेटते, हे १०० म्हणजेच पुस्तकातला `VA`, अर्ली व्होल्टेज, आणि तिथून त्याच्या ५ व्होल्टच्या बिंदूपर्यंतचे अंतर बरोबर १०५ भरते.

सरळरेषा

मी असहमत आहे. चित्रात काहीच चूक नाही. विद्यार्थ्याने अर्धेच चित्र पाहिले आहे. त्या रेझिस्टरच्या शेजारी, त्याला समांतर, एक प्रवाहस्रोत काढलेला असतो. तो २.० मिलिअँपिअर देतो. रेझिस्टरवर ५ व्होल्ट आहेत, म्हणून त्यातून ५ भागिले ५० किलोओहम, म्हणजे ०.१ मिलिअँपिअर जातो. बेरीज २.१. व्होल्टेज १० केले की रेझिस्टरचा वाटा ०.२ होतो आणि बेरीज २.२. त्याने मोजलेले दोन्ही आकडे जर चित्रातून तंतोतंत निघत असतील, तर ते चित्र शेवटपर्यंत लपवून ठेवण्याचे कारण मला समजत नाही. आलेख आधी शिकवला तर मुले रेषा वाढवायला शिकतात, पण सर्किट सोडवताना पुन्हा अडतात.

फळा-खडू

हिशेब मान्य आहे. पण हा रेझिस्टर ट्रान्झिस्टरमध्ये नेमका कुठे बसला आहे, असे त्याच विद्यार्थ्याने विचारले तर आपण बोट कशावर ठेवाल? खरा रेझिस्टर तापतो, आणि त्याच्या दोन टोकांमध्ये एक पदार्थ असतो. इथे तसा कोणताही तुकडा नाही.

पीएनपी

त्याच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. कलेक्टरकडचे रिव्हर्स बायस वाढले की डिप्लिशनचा थर बेसमध्ये सरकतो आणि बेस अरुंद होतो. बेसमधून जाणाऱ्या इलेक्ट्रॉन्सना वाट कमी चालावी लागते, म्हणून वाटेत होल्सशी पुनर्संयोग होऊन नाहीसे होणारे इलेक्ट्रॉन्स कमी होतात. जे वाचतात ते कलेक्टरला पोहोचतात, आणि म्हणून प्रवाह वाढतो.

जुनी पाटी

पहिली दोन वाक्ये बरोबर आहेत. निष्कर्ष मात्र विद्यार्थ्याच्याच आकड्यांवर टिकत नाही. त्याचा बेसचा एकूण प्रवाह १० मायक्रोअँपिअर आहे. पुनर्संयोगात जे काही नाहीसे होते ते या १० मध्येच सामावलेले आहे, त्याबाहेर नाही. समजा बेस इतका अरुंद झाला की पुनर्संयोग पूर्णपणे थांबला, तरी कलेक्टरला जास्तीत जास्त १० मायक्रोअँपिअर अधिक मिळतील. त्याला तर १०० मिळाले आहेत. बाकीचे ९० आले कुठून?

ते एमिटरमधून आले. बेसच्या एमिटरकडच्या काठावर इलेक्ट्रॉन्सची दाटी किती असावी हे बेस-एमिटर व्होल्टेज ठरवते, आणि कलेक्टरकडच्या काठावर ती जवळजवळ शून्य असते, कारण तिथे पोहोचलेला इलेक्ट्रॉन लगेच ओढला जातो. दोन्ही काठांवरची दाटी तीच राहिली आणि मधले अंतर घटले, तर उतार तीव्र होतो. घाटमाथ्याची उंची तीच ठेवून पायथा जवळ आणला तर रस्ता उभा होतो, तसेच. विसरणाने वाहणारा प्रवाह या उताराच्या प्रमाणात असतो, म्हणून एमिटर स्वतःच जास्त इलेक्ट्रॉन्स पाठवू लागतो. ढोबळमानाने, प्रवाह सुमारे ५ टक्के वाढला याचा अर्थ बेस तेवढाच अरुंद झाला.

विद्यार्थी जिथे फसला ती जागाही इथेच आहे. त्याने बेसला तारेसारखे मानले, त्यामुळे ‘अरुंद झाला तर रेझिस्टन्स वाढेल’ असे त्याला वाटले. तार बारीक होते ती आडवी. इथे आखूड होते ती प्रवासाची लांबी.

पीएनपी

मग कलेक्टरचा प्रवाह भागिले बेसचा प्रवाह, हा गेन वाढलाच ना? २१० वरून २२०?

जुनी पाटी

वाढला, पण तो परिणाम आहे. आपले म्हणणे ज्या जोडणीत बऱ्यापैकी लागू पडते तीही सांगतो. बेसचा नव्हे, तर एमिटरचा प्रवाह बाहेरून पक्का बांधून टाका. आता एमिटर जास्त काही पाठवू शकत नाही, त्यामुळे कलेक्टरला फक्त बेसच्या वाट्यातून काही मिळाले तरच मिळणार. एमिटरचा प्रवाह २.०१ मिलिअँपिअरवर धरा. गेन २०० असताना बेसचा प्रवाह १० मायक्रोअँपिअर असतो, आणि गेन २१० झाल्यावर तो सुमारे ९.५३ होतो. म्हणजे त्याच ५ व्होल्टच्या बदलाला कलेक्टरचा प्रवाह अर्ध्या मायक्रोअँपिअरपेक्षाही कमी वाढला. आउटपुट रेझिस्टन्स १० मेगाओहमच्या घरात गेला. ट्रान्झिस्टर तोच, बेस तितकाच अरुंद झालेला, आणि रेझिस्टन्स दोनशे पटींनी अधिक.

म्हणूनच मी धागाकर्त्यांच्या बाजूने आहे. काय स्थिर धरले हे सांगितल्याशिवाय ‘ट्रान्झिस्टरचा आउटपुट रेझिस्टन्स’ या शब्दांना अर्थ नाही, आणि नुसत्या रेझिस्टरच्या चित्रात ते लिहिलेले नसते.

सरळरेषा

चित्रात ते लिहिलेले नसते, पण चित्रातून ते निघते. माझ्या मॉडेलमध्ये एमिटरचा प्रवाह बांधून सर्किट सोडवा. तो गेनने गुणलेला आकडा त्याच ५० किलोओहममधून बाहेर पडेल. आपण ज्याला भौतिकी म्हणता त्याची त्या हिशेबात गरज पडली नाही.

तांब्याची तार

चर्चा फार लांबली. मी ऑडिओ अँप्लिफायर बनवतो. कलेक्टरला ४.७ किलोओहम लावला की आउटपुट रेझिस्टन्स ४.७ किलोओहम. हे ५० किलोओहम कुणाच्या कामाचे?

जुनी पाटी

प्रश्न ट्रान्झिस्टरचा होता, आपल्या टप्प्याचा नव्हे. पण उत्तर देतो. आपल्या टप्प्यात २ मिलिअँपिअरला व्होल्टेज गेन सुमारे ३७६ धरला असेल, तर हे ५० किलोओहम समांतर आल्यामुळे तो ३४४ च्या आसपास येतो. फरक ऐकू येणार नाही. पण आयसीमध्ये ४.७ किलोओहमच्या जागी प्रवाहस्रोत असतो, आणि तिथे गेनला मर्यादा घालायला याच रेझिस्टन्सखेरीज फारसे काही उरत नाही. तेव्हा एका ट्रान्झिस्टरचा कमाल गेन १०० व्होल्ट भागिले थर्मल व्होल्टेजचे २५ मिलिव्होल्ट, म्हणजे ४००० येतो. प्रवाह कितीही घेतला तरी तोच.

बाकावरचा

सगळ्यांनी त्याचे आकडे प्रमाण मानले, म्हणून माझा अनुभव सांगतो. एका प्रयोगशाळेत मी अनेक वर्षे हेच प्रात्यक्षिक मांडून दिले आहे. २.१ आणि २.२ हे आकडे एकच दशांश दाखवतात. खरी वाचने २.१४ आणि २.१६ असू शकतात, किंवा २.०६ आणि २.२४. पहिल्या जोडीतून २५० किलोओहम निघतो, दुसरीतून २८. जवळजवळ सारख्या दोन आकड्यांची वजाबाकी आहे. गोल केलेल्या आकड्यांवरून ती करूच नये.

दुसरी गोष्ट उष्णतेची. ५ व्होल्टला तो साधारण १०.५ मिलिवॉट खर्च करतो आणि १० व्होल्टला २२. या छोट्या प्लास्टिकच्या टोपीत एवढ्या फरकाने आतले तापमान २ ते ३ अंशांनी चढते, आणि गेन दर अंशामागे साधारण अर्धा ते एक टक्का वाढतो. म्हणजे ज्या ५ टक्क्यांना आपण बेसचे अरुंद होणे म्हणत आहात त्यांतील टक्का-दोन टक्के निव्वळ ऊब असू शकते. हे ओळखता येते: व्होल्टेज बदलताच आकडा उडी मारतो, आणि मग मीटरवर हळूहळू वर सरकत राहतो. उडी बेसची, सरकणे उष्णतेचे. एकदा एका गटाने बेसचा प्रवाह बांधण्याऐवजी बेस-एमिटर व्होल्टेज बांधले होते. तिथे दर अंशाला प्रवाह ८ टक्क्यांच्या आसपास वाढतो, त्यामुळे त्यांचा ‘अर्ली व्होल्टेज’ २० च्या खाली आला आणि त्यांनी तो वहीत निमूटपणे लिहिला.

फळा-खडू

हे माझ्या लक्षात आले नव्हते. (आणि अर्ली हे बेल लॅब्जमधल्या जेम्स अर्ली यांचे आडनाव आहे, १९५२ च्या त्यांच्या शोधनिबंधावरून, दर वर्षी कुणीतरी ‘हा परिणाम लवकर होतो म्हणून अर्ली’ असे लिहितेच.)

सूत्राचा वाद तसा लहान आहे. त्याने मोजलेला २.१ मिलिअँपिअर वापरायचा असेल तर मित्राचे सूत्र बरोबर: १०५ भागिले २.१, ५० किलोओहम. पुस्तकाच्या सूत्रात प्रवाह २.० धरला, म्हणजे रेषा शून्य व्होल्टपर्यंत मागे नेल्यावरचा, तर तेही ५० देते. पुस्तकाच्या सूत्रात २.१ घातले की ४७.६ येतात. बेसच्या वेगवेगळ्या प्रवाहांच्या सगळ्या वक्ररेषा मागे वाढवल्या तरी खरोखर एकाच बिंदूत मिळत नाहीत, तेव्हा या अडीच किलोओहमवर मी गुण कापणार नाही.

सरळरेषा

मिळत नाहीत हे आपणच मान्य करत असाल, तर ‘आधी आलेख’ या आग्रहाचे काय उरले? उणे १०० हा बिंदूही माझ्या रेझिस्टरइतकाच काल्पनिक आहे.

फळा-खडू

काल्पनिक आहे, पण तो मुलाला स्वतःच्या आलेखावर पट्टी ठेवून सापडतो. आपला रेझिस्टर त्याला आयता मिळतो. यावर आपले एकमत होईलसे दिसत नाही.

बाकावरचा

त्याला एवढेच कळवा की बेसचा प्रवाह ८ मायक्रोअँपिअरवर आणावा. कलेक्टरचा प्रवाह १.९९९ च्या आत राहील, म्हणजे साध्या मीटरची २ मिलिअँपिअरची पट्टी चालेल आणि तीन दशांश मिळतील. व्होल्टेज बदलल्याबरोबरचा आकडा आणि मिनिटाभराने स्थिरावलेला आकडा, दोन्ही लिहून घ्यावेत.

फळा-खडू

तसेच कळवतो. त्याचा १०० व्होल्टचा बिंदू खरा असेल तर १.६८ आणि १.७६ यायला हवेत, आणि उतारावरून ६२.५ किलोओहम. सोमवारी त्याची प्रयोगशाळेची वेळ आहे.