अपलोड मधेच तुटलं आणि फाईल बिघडली: तुमचे अनुभव लिहा

टिळकवाडी, बेळगाव (धागा काढणारा)

आमच्या वाचनालयातले जुने मराठी अंक स्कॅन करून सर्व्हरवर चढवायचं काम मी संध्याकाळी करतो. गेल्या पावसात ३१८ पानं फाईलझिला प्रोग्रॅमने चढवत होतो आणि लाईट गेली. यूपीएसने दहा मिनिटं तग धरला, मग राउटरच गप्प. दुसऱ्या दिवशी यादी पाहिली तर ३१८ च्या ३१८ नावं हजर. मी खूश. आठवड्याने एका वाचकाने कळवलं, "पान १४७ अर्ध्याच्या खाली राखाडी आहे, आणि १५१ उघडतच नाही."

१५१ शून्य बाइट होती. १४७ माझ्या लॅपटॉपवर ३४,८२,११६ बाइट, सर्व्हरवर १३,७६,२५६. मग "नवी असेल तरच बदल" असा पर्याय देऊन सगळं पुन्हा चढवलं, तरी दोन्ही फायली तशाच! कुणावर असं बेतलंय का? बिघडलेल्या फायली कशा शोधल्या, कशा बदलल्या, ते लिहा.

खानापूरची शिक्षिका

आमच्याकडे तर पावसाळ्यात नेट येतं तेच मेहेरबानी म्हणून. शाळेच्या स्नेहसंमेलनाचे फोटो पालकांनी व्हॉट्सॲपवर पाठवलेले, त्यातले निम्मे धूसर दिसतात आणि दाबलं की डाऊनलोड होत नाहीत. हा तोच प्रकार का?

निपाणी, सर्व्हर सांभाळणारा

बाई, तुमचं वेगळं. ते फोटो तुमच्या फोनवर अजून उतरलेच नाहीत, आणि जुने झाले की पाठवणाऱ्याकडूनच परत मागवावे लागतात.

टिळकवाडीकर, तुमचं सांगतो. अपलोड सुरू झालं की सर्व्हर आधी त्या नावाची रिकामी फाईल उघडतो, मग त्यात माल ओततो. माल यायच्या आत लाईन तुटली तर नाव राहतं आणि आकार शून्य. मधेच तुटली तर अर्धी फाईल. म्हणून नावांची मोजदाद काही सांगत नाही. तुमचा १३,७६,२५६ हा आकडा ६५,५३६ ला बरोबर २१ ने गुणून येतो. तुकड्या-तुकड्याने लिहिताना तुटलेल्या फायलींत असे गोल आकडे पुष्कळदा सापडतात. पण त्यावर भरवसा नको, नुसता वास समजा.

आता "नवी असेल तरच" का फसलं ते. तुटलेल्या फाईलची वेळ लागते ती अपलोडच्या रात्रीची. तुमचा स्कॅन त्याच्या आधीचा. म्हणजे सर्व्हरवरची तुटकी फाईलच प्रोग्रॅमला नवी वाटते आणि तो चांगली फाईल सोडून देतो. `Overwrite if different size` निवडा. शोधायला `View` मधलं `Directory comparison` चालू करा आणि तुलना आकारावर ठेवा. आकार जुळत नाही त्या ओळी लाल दिसतात.

सर्व्हरच्या टर्मिनलवर जाता येत असेल तर शून्यवाल्या एका ओळीत सापडतात:

```
find . -type f -size 0
```

चिक्कोडी, फोटो स्टुडिओ

आकार सारखा असला की झालं, बाकी कशाला डोकं खपवायचं? मी लग्नाचे अल्बम असेच पाठवतो. छोटं चित्र दिसलं म्हणजे फाईल बरी.

निपाणी, सर्व्हर सांभाळणारा

अण्णा, आकाराचं म्हणणं बहुतेक वेळा खरं. छोट्या चित्राचं नाही. कॅमेऱ्याच्या जेपीईजीमध्ये ते छोटं चित्र फाईलच्या सुरुवातीलाच वेगळं ठेवलेलं असतं. फाईल निम्मी तुटली तरी ते शाबूत राहतं. पूर्ण उघडून खालपर्यंत पाहा.

चिक्कोडी, फोटो स्टुडिओ

हां, म्हणूनच मागे एका नवरीच्या घरून फोन आलेला. आई दिसते, खुर्च्या दिसत नाहीत म्हणून. मी त्यांच्याच कॉम्प्युटरला दोष दिला होता. असो.

बेळगाव, कॅम्प

माझा शोध अपघाताने लागला. मी सगळ्या फायलींचे एमडी५ आकडे, म्हणजे आतल्या मजकुरावरून निघणारे हॅश, काढून यादी करते. यादीत तीन वेगवेगळ्या पावत्यांसमोर एकच आकडा:

```
d41d8cd98f00b204e9800998ecf8427e
```

डोळे चोळून पाहिलं. नंतर कळलं की रिकाम्या फाईलचा एमडी५ कायम हाच येतो. आता यादीत आधी तोच शोधते. पीडीएफसाठी दुसरी युक्ती: नोटपॅडमध्ये उघडून अगदी तळाला जायचं. धड पीडीएफच्या शेवटाजवळ `%%EOF` असतं. वर `%PDF` आहे आणि खाली ते नाही, तर बहुधा शेपूट तुटलेलं. तिथून सेव्ह मात्र करू नका. मी एकदा केलं आणि बरी फाईलही गेली.

टिळकवाडी (धागा काढणारा)

निपाणीकर, मानलं! आकाराच्या तुलनेत सात ओळी लाल आल्या: चार शून्य, तीन अर्ध्या. तुमचा पर्याय देऊन सातही बदलल्या. पान १४७ मात्र ब्राउझरमध्ये अजून राखाडीच दिसतंय.

बेळगाव, कॅम्प

तुमचा ब्राउझर साठवलेलं जुनं चित्र दाखवत असेल. कंट्रोल धरून एफ५ दाबा, नाहीतर खासगी खिडकीत उघडा.

टिळकवाडी (धागा काढणारा)

दिसलं की ओ! पण आता नवीनच. पान २०३ चा आकार दोन्हीकडे सारखा, तरी सर्व्हरवरची फाईल उघडत नाही. म्हणून हॅशही ताडून पाहिला. माझ्याकडे विंडोजवर

```
certutil -hashfile 203.jpg SHA256
```

आणि सर्व्हरवर `sha256sum 203.jpg`. दोन्ही आकडे अक्षर न् अक्षर सारखे!

निपाणी, सर्व्हर सांभाळणारा

मग अपलोड निर्दोष आहे. हॅश एवढंच सांगतो की तिकडची फाईल तुमच्याकडच्या फाईलसारखी आहे. तुमच्याकडची बरी आहे का, हे तो सांगत नाही. ती तुमच्या लॅपटॉपवर उघडते का?

टिळकवाडी (धागा काढणारा)

नाही उघडत. आता आठवलं. २०० ते २१० ही पानं स्कॅनरच्या कॉम्प्युटरवरून पेनड्राइव्हने आणली होती, आणि त्या वेळीही एकदा लाईट गेली होती.

निपाणी, सर्व्हर सांभाळणारा

तिथेच मेख आहे. कॉपी करताना विंडोज पुष्कळदा पूर्ण आकाराची जागा आधीच धरून ठेवतो, अक्षरं नंतर भरतो. मधेच वीज गेली तर आकार पूर्ण आणि आत पोकळ किंवा जुना कचरा. हेक्स एडिटरमध्ये उघडा. चांगली जेपीईजी `FF D8` ने सुरू होते आणि साधारणपणे `FF D9` ने संपते. काही फोन शेवटी आणखी काही जोडतात, त्यामुळे शेवटावर फार विसंबू नका. पण सुरुवातीपासून नुसती `00` दिसली तर त्या फाईलमधून काही परत मिळायचं नाही.

टिळकवाडी (धागा काढणारा)

वरपासून खालपर्यंत `00`. २०० ते २१० सगळी एकेक उघडून पाहिली, २०३ आणि २०४ दोन्ही गेली. स्कॅनरच्या कॉम्प्युटरवरून त्या कधीच काढून टाकल्या आहेत. अंक पुन्हा स्कॅन करावा लागणार, आणि कपाटाची किल्ली घेऊन ग्रंथपाल काका सोमवारपर्यंत गोकाकला.

खानापूरची शिक्षिका

म्हणजे मी फोनमधली जागा मोकळी करायला अपलोड झालेले फोटो काल काढून टाकले, ते आधी उघडून बघायला हवे होते?